आठ नंबरचा शेवटचा जोड दोनदा विकला जाऊ नये म्हणून: दुकान आणि ऑनलाइन, दोन्हींसाठी एकच स्टॉक शीट

रॅकवर कापशी या कोल्हापुरी चपलेचा आठ नंबरचा एकच जोड उरलेला असतो. दुपारी बाराला अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेलं गिऱ्हाईक तो पायात घालून बघतं, पैसे देतं आणि जातं. साडेबाराला त्याच जोडाची ऑर्डर नागपूरहून पडते, कारण ऑनलाइन पॅनेलवर स्टॉक अजून ‘१’ आहे. आता ती ऑर्डर रद्द करण्यावाचून गत्यंतर नसतं. विक्रेत्याने स्वतःहून रद्द केलेल्या ऑर्डरींची नोंद मार्केटप्लेस ठेवतं. ॲमेझॉनवर स्वतः माल पाठवणाऱ्यांना हे प्रमाण २.५ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं. चाळीस ऑर्डरींत एक रद्द केली तरी २.५ टक्के होतात. मोठ्या विक्रेत्याच्या हिशेबात एक ऑर्डर दिसतही नाही, पण चप्पल लाईनमधल्या छोट्या दुकानाला तेवढी एकही जड जाते.

हे थांबवायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक दुकान आणि एक ऑनलाइन पॅनेल एवढाच पसारा असेल, तर गुगल शीट पुरतं. पण ‘स्टॉक’ नावाच्या रकान्यात रोज आकडा खोडून नवा लिहिणं म्हणजे शीट वापरणं नव्हे. आकडा कसा तयार होतो, ऑनलाइनला त्यातला किती दाखवायचा आणि तो कधी जुळवायचा, या तीन गोष्टी पक्क्या लागतात. त्यांतली मधली गोष्ट बहुतेक ठिकाणी अंदाजाने ठरवली जाते, आणि जोड दोनदा विकला जातो तो नेमका तिथेच. म्हणून या लेखात तिला जास्त जागा दिली आहे.

आधी मालाला कोड

आपल्या धंद्यात ‘माल भरपूर आहे’ हे वाक्य फसवं असतं. दुकानात कापशीचे साठ जोड असतील, पण ते सहा ते दहा नंबरांत आणि दोन-तीन रंगांत वाटलेले असतात. पिवळसर रंगाचा आठ नंबर त्यात चारच जोड. विकला जातो तो नंबर, ‘कापशी’ नव्हे. म्हणून प्रकार, रंग आणि नंबर मिळून एक कोड करायचा, आणि शीटमधली एक ओळ म्हणजे एक कोड.

```
KPS-TAN-8
KPS-TAN-9
KPS-OIL-8
```

इथे KPS म्हणजे कापशी, TAN नैसर्गिक पिवळसर, OIL तेल दिलेला गडद. एकच प्रकार दोन कारागिरांकडून येत असेल आणि दोघांची वेणी किंवा तळाची जाडी वेगळी दिसत असेल, तर त्यांना वेगवेगळे कोड द्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या जीआय नोंदणीत महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. नाव एक असलं तरी हात अनेक आहेत, आणि फोटो पाहून घेणाऱ्याला फोटोतलाच जोड हवा असतो. एकाचा संपला म्हणून दुसऱ्याचा पाठवला की ते पार्सल परत येण्याची शक्यता फार.

कोडमध्ये जागा सोडू नका. नुसता `8-10` असा कोडही करू नका, शीट त्याची तारीख करून टाकतं. हाच कोड मार्केटप्लेसवर लिस्टिंग करताना ‘सेलर एसकेयू’च्या जागी भरा. तिथे वेगळं नाव आणि शीटमध्ये वेगळं, असं झालं की पुढची जुळवाजुळव हाताने करावी लागते आणि सात नंबरच्या जागी आठ लागतो.

मग प्रत्येक जोडाला चिठ्ठी. बहुतेक कारागिरांकडून जोड दोऱ्याने बांधूनच येतात, त्याच दोऱ्यात कोड लिहिलेला जाड कागदाचा तुकडा ओवायचा. ही चिठ्ठी पुढे फार कामाची आहे.

आकडा खोडायचा नाही, नोंद करायची

शीटमध्ये `Types`, `Nond`, `Stock` आणि `Panel` अशी चार पानं करा. जुळणीची यादी काढायला पुढे एक पाचवं लागेल.

`Types` पान एकदाच भरायचं. पहिल्या रकान्यात व्यवहाराचा प्रकार, दुसऱ्यात त्याने माल वाढतो की घटतो.

```
IN       1
SHOP    -1
WEB     -1
CANCEL   1
RETURN   1
DAMAGE  -1
COUNT    1
```

`Nond` हे रोजचं पान. A मध्ये तारीख, B मध्ये कोड, C मध्ये प्रकार, D मध्ये किती जोड, E मध्ये ऑर्डर नंबर किंवा शेरा. F मध्ये हे सूत्र टाकून खाली हजारभर ओळी ओढून घ्या:

```
=IF(B2="","",D2*VLOOKUP(C2,Types!A:B,2,FALSE))
```

विक्री असो की आवक, D मध्ये आकडा साधाच लिहायचा. वजा करायचं की बेरीज, ते सूत्र ठरवतं. F मध्ये `#N/A` दिसलं तर त्या ओळीत प्रकार भरायचा राहिला आहे असं समजा.

B आणि C या दोन्ही रकान्यांना ड्रॉपडाउन लावा. B साठी `Stock` पानावरचे कोड, C साठी `Types` मधले प्रकार. यादीबाहेरचं काही लिहिलं तर शीटने ते नाकारलं पाहिजे, फक्त इशारा देऊन स्वीकारता कामा नये. ड्रॉपडाउनच्या सेटिंगमध्ये `Reject the input` हा पर्याय असतो. तो निवडला नाही, तर कोणीतरी `KPS-TAN-08` लिहितं, ती विक्री कुठल्याच कोडातून वजा होत नाही, आणि रॅक रिकामा असताना शीट म्हणतं एक जोड आहे.

`Stock` पानावर A मध्ये कोड, आणि B मध्ये रॅकवरचा माल:

```
=SUMIF(Nond!B:B,A2,Nond!F:F)
```

B मध्ये कोणीही हाताने आकडा लिहायचा नाही. `Stock` पान लॉक करून ठेवा, म्हणजे फोनवर बोट लागून सूत्र उडणार नाही. पहिल्या दिवशी सगळा माल मोजून प्रत्येक कोडाची एक `IN` नोंद करायची, तिथून पुढे शीट चालू.

हे सगळं एकाच गुगल शीटवर असू द्या. एक्सेलची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून दोघांनी दोन प्रती वापरल्या, तर दोघांचाही आकडा चुकीचाच असतो.

माल वजा कधी करायचा

ऑनलाइन ऑर्डर आली आणि पार्सल उद्या जाणार असेल, तर जोड आज वजा करायचा की उद्या? आज, ऑर्डर दिसल्या क्षणी. पैसे यायचे बाकी म्हणून ‘पेंडिंग’ दिसणारी ऑर्डरसुद्धा. `WEB` नोंद करायची आणि तो जोड रॅकवरून काढून वेगळ्या फळीवर ठेवायचा, चिठ्ठीवर ऑर्डर नंबरचे शेवटचे चार आकडे लिहून. नोंद केली आणि जोड रॅकवरच राहिला, तर संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवरचा माणूस तोच काढून देतो. त्याचा त्यात काही दोष नाही, त्याच्या समोर जोड दिसत होता.

असं केलं की `Stock` मधल्या B चा अर्थ स्वच्छ राहतो: आत्ता रॅकवर हात घातला तर या कोडाचे किती जोड मिळतील. ‘माल आहे पण बुक झालेला’ असा तिसरा हिशेब डोक्यात ठेवावा लागत नाही.

शोकेसमधल्या जोडाकडे खास लक्ष द्या. बऱ्याच दुकानांत एक पाय शोकेसमध्ये आणि दुसरा आत पिशवीत असतो. शोकेसमधल्या पायाचा रंग उन्हाने बदलतो, आणि महिन्याभरात तो जोड फोटोसारखा राहत नाही. असा जोड स्टॉकमध्ये धरूच नका. `DAMAGE` म्हणून बाहेर काढा, शेऱ्यात ‘शोकेस’ लिहा, आणि तो दुकानात बघून घेणाऱ्यालाच विका. तो विकला तर वेगळी नोंद नको, कारण तो आधीच वजा झालेला आहे.

राखीव जोड: हिशेबाने ठरवायचे

काउंटरवर विकलेला जोड पॅनेलला कळत नाही. तो आपण जुळणी करेपर्यंत पॅनेल जुनाच आकडा दाखवत राहतं. दिवसातून दोनदा जुळणी केली, तर मधले पाच-सहा तास पॅनेल आंधळं असतं. या काळासाठी काही जोड ऑनलाइनपासून लपवून ठेवायचे, ते राखीव. `Stock` च्या C मध्ये राखीव किती ते लिहायचं आणि D मध्ये ऑनलाइन किती दाखवायचे ते येतं:

```
=MAX(0,B2-C2)
```

राखीव किती ठेवावे, हा खरा प्रश्न. ‘सगळ्यांना दोन’ असं ठरवून टाकलं तर दहा नंबरचे दोनच जोड असतात आणि ते कधीच ऑनलाइन दिसत नाहीत. आठ नंबर मात्र गर्दीत दोनाने भागत नाही.

उदाहरण घेऊ. मे महिन्यातला शनिवार, सुट्टीची गर्दी. `KPS-TAN-8` चे सकाळी सहा जोड आहेत. समजा राखीव शून्य, म्हणून पॅनेलवरही सहा. दुपारच्या जुळणीच्या आत काउंटरवर दोन गेले. रॅकवर उरले चार, पॅनेल अजून सहा म्हणतंय. ऑनलाइन पाच ऑर्डरी आल्या तर पाचवीला जोड नाही.

आता राखीव दोन ठेवून तोच शनिवार पाहू. पॅनेलवर चार. काउंटरवर दोन गेले, रॅकवर चार. ऑनलाइन जास्तीत जास्त चारच ऑर्डरी येऊ शकतात, कारण पॅनेलकडे चारच आहेत. चारही आल्या तरी चारही जोड जागेवर. पण काउंटरवर तीन गेले असते, तर रॅकवर तीन राहिले असते आणि पॅनेलवर चार. तिथे धोका.

म्हणजे ऑनलाइन किती ऑर्डरी येतील याचा अंदाज बांधायची गरजच नाही. त्यांना वरची मर्यादा पॅनेलवरचा आकडा घालतो. बघायचं एवढंच, की दोन जुळण्यांच्या मधल्या काळात त्या कोडाचे काउंटरवर जास्तीत जास्त किती जोड जातात. काउंटरची विक्री राखीव आकड्याच्या आत राहिली की एकही जोड दोनदा विकला जात नाही. राखीव म्हणजे तोच आकडा, कमी नको आणि उगाच जास्तही नको.

हा आकडा `Nond` पानावरूनच मिळतो. गेल्या काही आठवड्यांच्या `SHOP` नोंदी एका कोडापुरत्या गाळून बघा आणि एका अर्ध्या दिवसात सर्वांत जास्त किती गेले ते शोधा. सरासरी घेऊ नका. सरासरीवर ठरवलेलं राखीव नेमकं गर्दीच्या दिवशी तोकडं पडतं. एखादं गिऱ्हाईक घरातल्या तिघांना एकाच मापाचे तीन जोड घेतं, तेही या शोधात दिसून येतं. दहा नंबर पंधरा दिवसांत एखादाच जात असेल तर त्याला राखीव एक पुरे.

शून्य मात्र चालत्या कोडाला ठेवू नका. राखीव एक म्हणजे शेवटचा जोड काउंटरचाच. आपल्याकडे हेच बरोबर आहे, कारण समोर उभं असलेलं गिऱ्हाईक त्याऐवजी दुसरा रंग बघू शकतं, ऑनलाइनवाल्याला तशी सोय नाही.

नुसत्या एका-दोन जोडांच्या वस्तू, म्हणजे खास करून घेतलेलं पायताण किंवा जरीच्या पट्ट्याचा जोड, यांना राखीवचा हिशेब लागू पडत नाही. त्यांचं दार एकच ठरवा. ऑनलाइन लावायचा असेल तर तो जोड रॅकवरून काढून आत ठेवा, राखीव शून्य लिहा, आणि दुकानात तो दाखवूच नका.

दुपारी एक आणि संध्याकाळी सात: जुळणी

काउंटरवर प्रत्येक विक्रीनंतर फोन काढून नोंद करणं शांत दिवशी जमतं, रविवारी जमत नाही. तिथे दोऱ्यातली चिठ्ठी कामी येते. जोड पिशवीत घालण्याआधी चिठ्ठी तोडायची आणि गल्ल्याशेजारच्या डब्यात टाकायची. एवढंच काउंटरवरच्या माणसाचं काम. जुळणीच्या वेळी डबा उघडून चिठ्ठ्या कोडाप्रमाणे लावायच्या आणि `SHOP` नोंदी एका दमात करायच्या. तीन चिठ्ठ्या एकाच कोडाच्या असतील तर एक ओळ, D मध्ये ३. नोंद झालेली चिठ्ठी फाडून टाका. डबा रिकामा झाला म्हणजे काउंटरची सगळी विक्री शीटमध्ये आली.

त्यानंतरच पॅनेल उघडा. आधी नव्या ऑर्डरी, पेंडिंगसकट, `WEB` म्हणून लिहायच्या आणि त्यांचे जोड फळीवर काढायचे. मग पॅनेलवरून आत्ताच्या स्टॉकची यादी डाउनलोड करून `Panel` पानावर चिकटवायची, A मध्ये कोड आणि B मध्ये आकडा. `Stock` च्या E मध्ये तो आकडा आपोआप येतो:

```
=IFERROR(VALUE(VLOOKUP(A2,Panel!A:B,2,FALSE)),"")
```

`VALUE` मुद्दाम घातलं आहे, कारण डाउनलोड केलेल्या यादीतले आकडे कधी कधी मजकूर म्हणून येतात आणि मग ४ आणि ४ सुद्धा जुळत नाहीत.

आता नव्या पानावर फक्त बदलायच्या ओळी काढा:

```
=IFERROR(FILTER(Stock!A2:E,Stock!E2:E<>"",Stock!D2:D<>Stock!E2:E),"सगळं जुळलं")
```

दोनशे कोडांतून आठ-दहाच ओळी येतात. त्यांत D म्हणतो तो आकडा पॅनेलवर टाकायचा. आधी घटवायचे ते सगळे, मग वाढवायचे. घटवायला उशीर झाला तर जोड दोनदा विकला जातो, वाढवायला उशीर झाला तर फार तर एखादी ऑर्डर उशिरा येते.

क्रम बदलू नका, कारण बदलला तर काय होतं ते पाहा. समजा ऑर्डरी न लिहिताच तुम्ही यादी काढली. शीट म्हणतं पॅनेलवर तीन हवेत, पॅनेलवर आहेत चार. तुम्ही तीन लिहिता. पण मधल्या वेळात एक ऑर्डर येऊन पॅनेल स्वतःच तीनवर आलेलं असतं, आणि ती ऑर्डर शीटला माहीत नसते. खरा आकडा दोन हवा होता. तुम्ही लिहिलेल्या तीनने पॅनेलने वजा केलेला जोड परत जिवंत केला. म्हणून शेवटचा आकडा टाकून झाल्यावर ऑर्डरींचं पान पुन्हा एकदा उघडून बघा. मधल्या दहा मिनिटांत काही आलं असेल, तर त्या कोडापुरती जुळणी पुन्हा करा.

बहुतेक पॅनेलवर ऑर्डर आली की स्टॉक आपोआप घटतो. तुमच्या पॅनेलवर पेंडिंग ऑर्डरीलाही तो घटतो का, हे एखाद्या कोडावर नजर ठेवून एकदा खात्री करून घ्या. घटत नसेल, तर पेंडिंग ऑर्डर लिहिल्यावर यादीत तो कोड फरक म्हणून दिसेल आणि तुम्हीच तो घटवाल. शीटची पद्धत दोन्हीकडे चालते.

`Stock` पानावर एक रंगही लावून ठेवा. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे सूत्र आणि लाल रंग:

```
=AND($E2<>"",$E2>$B2)
```

लाल ओळ म्हणजे रॅकवर आहेत त्यापेक्षा जास्त जोड पॅनेल विकायला बसलं आहे. अशा कोडाची वाट बघायची नाही, पॅनेलवर तो आत्ताच्या आत्ता घटवायचा. लाल ओळी वारंवार त्याच कोडाच्या येत असतील तर त्याचं राखीव एकाने वाढवा, किंवा गर्दीच्या दिवशी दुपारी चारची तिसरी जुळणी करा. जुळणीतलं अंतर कमी झालं की राखीवही कमी लागतं. दोन्हींपैकी काय परवडतं ते दुकानातल्या माणसांवर अवलंबून आहे.

रद्द आणि परत आलेला माल

ऑर्डर पार्सल जाण्याआधी रद्द झाली तर `CANCEL` नोंद, आणि जोड फळीवरून रॅकवर. ऑर्डर नंबर पुसून चिठ्ठी तशीच राहू द्या. पार्सल गेल्यावर रद्द झाली, तर `CANCEL` लिहायचं नाही. पॅनेल ‘रद्द’ म्हणतं, पण जोड कुरिअरच्या पोत्यात असतो. तो दारात येईपर्यंत आपल्या हिशेबी तो नाही.

परत आलेलं पार्सल उघडून बघितल्याशिवाय `RETURN` नको. दोन्ही पाय एकाच नंबरचे आहेत का, तळाला माती लागली आहे का, अंगठा ताणलेला आहे का. कोल्हापुरी चप्पल घरात दोन दिवस घातली तरी तळावर पायाचा ठसा उमटतो, तो परत नव्यासारखा होत नाही. ठीक असेल तर `RETURN` आणि नवी चिठ्ठी. नसेल तर नोंदच करायची नाही, कारण विकताना तो वजा झालेलाच आहे. इथे `DAMAGE` लिहिलं तर तो दुसऱ्यांदा वजा होतो आणि रॅकवर असलेला चांगला जोड शीटमधून नाहीसा होतो. ही चूक फार सर्रास होते. काही पॅनेलवर परत आलेला माल आपोआप स्टॉकमध्ये धरण्याची सोय असते, ती बंद ठेवा.

मार्केटप्लेसच्या गोदामात आधीच पाठवून ठेवलेला माल या शीटमध्ये धरू नका. तो तिथूनच विकला जातो, काउंटरशी त्याची टक्कर होत नाही.

शीट आणि रॅक जुळेनासे झाले तर

B मध्ये उणे आकडा आला, तर कुठेतरी नोंद नक्की चुकली आहे. बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक असतं. कारागिराकडून आलेला माल रॅकवर लागला पण `IN` लिहायचं राहिलं, किंवा विक्री शेजारच्या नंबराच्या कोडावर पडली. शीटमध्ये आठ नंबर उणे एक आणि सात नंबर रॅकवर आहे त्यापेक्षा एकाने जास्त, असं दिसलं की दुसरं कारण समजा. उणे आकडा निदान दिसतो तरी. खरा त्रास रॅकवर एक असताना शीट दोन म्हणतं तेव्हा, कारण तिथे काहीच लाल होत नाही.

म्हणून आठवड्यातून एका शांत सकाळी, चिठ्ठ्यांचा डबा रिकामा करून आणि ऑर्डरी लिहून झाल्यावर, सर्वांत जास्त चालणारे दहा-बारा कोड रॅकवर प्रत्यक्ष मोजा. सगळं दुकान मोजायची गरज नाही, उरलेले कोड आळीपाळीने घ्या. फरक निघाला तर `COUNT` नोंद करा, एक कमी असेल तर D मध्ये `-1`. जुनी नोंद शोधून बदलत बसू नका. सापडलीच तर शेऱ्यात कारण लिहा. `COUNT` च्या ओळी महिन्याने एकत्र गाळून पाहिल्या की गळती कुठे आहे ते कळतं. फरक सतत उणे आणि तोही रविवारनंतर निघत असेल, तर चिठ्ठी तोडायची राहते आहे. अधिक निघत असेल, तर आवक किंवा परत आलेला माल लिहायचा राहतो आहे, नाहीतर एकच ऑर्डर दोघांनी दोनदा लिहिली आहे. ऑनलाइन ऑर्डरी लिहिण्याचं काम एकाकडेच ठेवलं की शेवटचं कारण निघून जातं.

इतकं करूनही एखादा जोड दोनदा विकला गेला, तर ऑर्डर दिसताच कारागिराला फोन करा. पाठवण्याच्या मुदतीत तो तसाच जोड देऊ शकत असेल तर घ्या. नसेल तर शेजारच्या दुकानातला ‘त्याच्यासारखा’ जोड पाठवण्यापेक्षा ऑर्डर लगेच रद्द केलेली बरी. वेगळा जोड पाठवला की जाण्या-येण्याचं कुरिअर, परतीचा जोड आणि वाईट शेरा, तिन्ही पदरात पडतात. त्याच दिवशी त्या कोडाच्या `SHOP` नोंदी उघडून बघा, त्या अर्ध्या दिवसात काउंटरवर किती गेले होते. राखीव दोन होतं आणि गेले तीन, तर राखीव तीन करा. राखीवाच्या आतच गेले होते, तर चूक नोंदीत किंवा जुळणीच्या क्रमात आहे आणि राखीव वाढवून ती बरी होणार नाही.

राखीवाचे आकडे हंगामाबरोबर बदलत ठेवा. नवरात्रात आणि दिवाळीच्या सुट्टीत देवळाच्या गर्दीमुळे काउंटर धावतं, तेव्हा आठ आणि नऊ नंबरचं राखीव गेल्या वर्षीच्या त्याच दिवसांच्या नोंदी बघून घटस्थापनेच्या आधीच वाढवा. पावसाळ्यात काउंटर थंड पडतं, कारण ही चप्पल पाण्यात कोणी घालत नाही, पण जिथे पाऊस नाही तिथून ऑर्डरी येतच राहतात. जून लागला की बहुतेक कोडांचं राखीव एकावर आणा, नाहीतर अर्धा माल रॅकवर असून पॅनेलवर ‘संपला’ दिसत राहील.